‘क्वाइट गुड’ म्हणजे ‘उत्कृष्ट’ लिहावं का? परदेशी सरांच्या शिफारसपत्राचा अनुवाद

उदगीरची मावशी: माझ्या भाचीनं स्कॉटलंडला मृदाशास्त्रात एमएस्सी केलं. बीडकडच्या एका पाणलोट संस्थेत अर्ज करायचाय. विश्वस्तांना वाचता यावं म्हणून तिच्या ब्रिटिश सरांच्या शिफारसपत्राचा मराठी अनुवाद मागितलाय. माझ्याकडं फक्त पत्राचा मोबाइलवर काढलेला फोटो आहे. प्रयोगशाळेतलं काम ‘क्वाइट गुड’ होतं आणि ‘आय वुड एक्स्पेक्ट हर टु डू वेल’, असं सर लिहितात. भावजी म्हणायलेत, सरळ ‘उत्कृष्ट’ लिही. लिहू का?

जालन्याचा अनुवादक: नका लिहू. ब्रिटिश माणूस ‘क्वाइट गुड’ लिहितो तेव्हा त्याला बहुतेक वेळा ‘बऱ्यापैकी चांगलं’ म्हणायचं असतं. हेच अमेरिकन प्राध्यापकानं लिहिलं असतं तर ते ‘खूपच चांगलं’च्या जवळ गेलं असतं. पुढचं विशेषणही बघावं लागतं. ‘क्वाइट एक्सेप्शनल’ असतं तर ब्रिटिश सरसुद्धा ‘अगदी असामान्य’च म्हणत होते. तुमच्याकडं नुसतं ‘गुड’ आहे.

दुसऱ्या वाक्यात मात्र ‘अपेक्षा’ हा शब्द टाळा. ‘तिनं चांगलं काम करावं अशी अपेक्षा आहे’ लिहिलं तर सर तिला बजावतायत असं वाटेल. ‘ती चांगलं काम करेल, असा माझा अंदाज आहे’ लिहा. ‘खात्री’ लिहायची नाही, तो शब्द सरांनी वापरलेला नाही.

परभणीकर: मला हे पटत नाही. आपल्याकडं शिफारसपत्रात ‘होतकरू, कष्टाळू, हुशार’ याच्या खाली कुणी उतरत नाही. ‘बऱ्यापैकी’ वाचलं की विश्वस्त तो अर्ज खालीच ठेवणार. तिकडच्या वाचकाला हे पत्र बरं वाटलं असतं, इकडच्याला ते नापासाचं वाटेल. मग अनुवाद इमानदार झाला कसा? ‘चांगलं’ एवढंच लिहा, कुणाचं काही बिघडत नाही.

जालन्याचा अनुवादक: तुमची अडचण खरी आहे, पण त्यासाठी शब्द चढवायचा नाही. अनुवादाच्या शेवटी वेगळ्या ओळीत ‘अनुवादकाची टीप’ द्या, की मूळ शब्द ब्रिटिश वापरात मध्यम प्रशंसेचा आहे, नाराजीचा नाही. मजकुरात सरांचंच वजन राहू द्या. उद्या संस्थेनं सरांना ईमेल करून विचारलं, तर अनुवाद आणि सर वेगवेगळं बोलायला नकोत.

नांदेडचे काका: माझ्या मुलाला जर्मनीतल्या कारखान्यातून दाखला मिळाला. त्यात ‘पूर्ण समाधान’ लिहिलं होतं, आम्ही पेढे वाटले. नंतर कळलं की तिथं ‘नेहमी’ आणि ‘पूर्णतम’ हे दोन्ही शब्द असले तरच पहिला नंबर, नुसतं ‘पूर्ण’ म्हणजे मधला. तुमच्या पत्रातही असलंच गुपित असणार बघा.

जालन्याचा अनुवादक: काका, ती जर्मन मालकांच्या दाखल्याची ठरलेली भाषा आहे. ब्रिटिश प्राध्यापकांची तशी ठरलेली पायरी नाही, त्यामुळं सगळं पत्र वाचूनच अंदाज येतो. मावशी, शेवटची शिफारस काय आहे? ‘रेकमेंड’च्या शेजारी ‘स्ट्राँगली’ किंवा ‘विदाउट रिझर्व्हेशन’ आहे का?

उदगीरची मावशी: नाही. ‘आय ॲम हॅपी टु रेकमेंड हर, पर्टिक्युलरली फॉर अ रोल विथ अ क्लिअर ब्रीफ’. अजून एक घोळ आहे. ‘वन ऑफ द बे…’ इथं कागदाची घडी आलीय. पुढं ‘स्टुडंट्स आय हॅव सुपरवाइज्ड’. मी ‘बेस्ट’ धरलं.

जालन्याचा अनुवादक: धरू नका, तिथं ‘बेटर’ही बसतं. फोटो मोठा करा. घडीनं अक्षरांचा खालचा भाग खाल्ला असेल, पण वरची टोकं दिसतायत का? ‘बेस्ट’मध्ये ‘बे’नंतर एकच उंच काठी येते, ‘बेटर’मध्ये दोन टी शेजारीशेजारी. मूळ कागद हाती असेल तर तो सपाट करून खिडकीच्या उजेडात, मोबाइल बरोबर वर धरून पुन्हा फोटो काढायला सांगा. तोपर्यंत तिथं ‘[घडीमुळे अवाच्य]’ लिहा.

आणि ‘पर्टिक्युलरली’ गाळू नका. ‘तिची शिफारस करताना मला आनंद होतो, विशेषतः कामाचं स्वरूप स्पष्ट ठरवून दिलेल्या पदासाठी.’ सर तिला नाकारत नाहीत, पण कुठं ती जास्त चांगली चालेल ते सांगतायत. विश्वस्तांना तेच जाणून घ्यायचंय.

परभणीकर: आणि संस्थेला गावोगाव फिरून स्वतः काम उभं करणारी मुलगी हवी असेल तर? त्या एका शब्दापायी नोकरी जाईल. मुलीनं सरांनाच लिहावं, दुसरं पत्र देता का म्हणून.

जालन्याचा अनुवादक: ते ती करू शकते. पण तसं झालं तर ते सरांचं दुसरं पत्र होईल, या पत्राचा अनुवाद नाही.

उदगीरची मावशी: भाचीनं नवा फोटो पाठवला. दोन काठ्या आहेत. ‘बेटर’.

जालन्याचा अनुवादक: मग ‘मी मार्गदर्शन केलेल्या तुलनेनं चांगल्या विद्यार्थ्यांपैकी एक’. ‘सर्वोत्तमांपैकी’ नाही.

परभणीकर: ‘तुलनेनं’ कशाला? ‘चांगल्या विद्यार्थ्यांपैकी एक’ पुरे.

उदगीरची मावशी: ‘तुलनेनं’ ठेवते. टीपही जोडते. भावजींना आज संध्याकाळी दाखवते, ते रागावणार आहेत.