अनुभव धागा : दोन मिनिटांचं विनोदी स्केच, चढत जाणारी गंमत आणि शेवटचा ट्विस्ट

कात्रीवाली : उदाहरण घेऊनच बोलू. जिन्यात सापडलेली छत्री घेऊन एकजण शेजाऱ्याचं दार वाजवतो. "ही तुमची का?" शेजारी गंभीरपणे पावतीपुस्तक काढतो. मी आधी शेवट लिहिते : दार लागतं, आत छत्र्यांचा ढीग. मग उलटं मागे जायचं. पावतीचा क्रमांक 41. माणूस विचारतो, "एक्केचाळीस?" शेजारी म्हणतो, "आमच्याकडे सगळं रीतसर असतं." प्रेक्षक हसतो आणि पुढे जातो. पेरलेली गोष्ट हशाखाली लपली की शेवटी ती आठवते, पण आधी खटकत नाही. आणि "हो, माझीच" हे वाक्य शेजाऱ्याच्या तोंडी एकदाही येऊ द्यायचं नाही. ते आलं, तर शेजारी सरळ खोटं बोलला असं होतं आणि शेवट गमतीचा न राहता लबाडीचा वाटतो.

झटपट : ट्विस्ट कुणालाच सुचणार नाही असा हवा, एवढं पुरे.

कात्रीवाली : अर्धं बरोबर. शेजारी परग्रहवासी निघाला तरी कुणाला सुचणार नाही, पण हसूही येणार नाही. शेवट कळल्यावर आधीचं प्रत्येक वाक्य नव्या अर्थानं बसलं पाहिजे.

पायरी-पायरी : मधला भाग बहुतेकदा पडतो, कारण पावती, मग अर्ज, मग शिक्का, हे सगळं एकाच मापाचं. दर पायरीला त्या माणसाचं काहीतरी जास्त जायला हवं. आधी पावतीसाठी ओळखपत्र जमा. मग साक्षीदार हवा, म्हणून वरच्या मजल्यावरच्या आजोबांना उठवून आणणं. शेवटी ओळखपत्र परत हवं तर अनामत म्हणून त्याची स्वतःची छत्री. तीन पुरेत, चौथीला प्रेक्षक पुढचं ओळखतो. ओळखपत्र पहिल्याच पायरीला घेतल्यामुळे "हा निघून का जात नाही?" हा प्रश्नही मिटतो. तो प्रश्न उरला की बाकी सगळं लटकं वाटतं.

एकटा जीव : माझ्याकडे नटच नाही, मीच दोन्ही पात्रं करतो. मग आजोबा कुठून आणू?

पायरी-पायरी : आजोबा फोनच्या स्पीकरवर घ्या. फक्त "झोपलो होतो मी" एवढंच. कदाचित जास्तच चालेल.

झटपट : शेवटी शेजाऱ्याला एक वाक्य द्या ना, "बेचाळीस!" असं काहीतरी.

कात्रीवाली : नको. ढीग दिसल्यावर वाक्य म्हणजे विनोद समजावून सांगणं. तो दुसरी छत्रीही ढिगात टाकतो, दीड-दोन सेकंद थांबा, कट.

एकटा जीव : उभ्या फ्रेममध्ये ढीग कळतच नाही. आधी हात जवळून, मग ढीग?

पायरी-पायरी : मी थेट ढीगच दाखवेन, छत्र्या भिंतीला उभ्या रचून.

कात्रीवाली : मी हातापासून. दोन्ही शूट करा, निर्णय एडिटला घ्या.