बिल 4 लाख 18 हजार, हातात 2 लाख 40 हजार: को-पे कापायचा कशातून?

मंगेश, आर्वी

बाबा 64 वर्षांचे. सोयाबीनच्या सोंगणीत छातीत दुखलं, रात्रीच नागपूरला खाजगी दवाखान्यात भरती केलं, दोन स्टेंट टाकले. बिल 4 लाख 18 हजार. पॉलिसी 3 लाखांची, को-पे 20 टक्के, म्हणजे दाव्यातला तेवढा वाटा आपण सोसायचा. कंपनीने 18 हजार अमान्य केले आणि 2 लाख 40 हजार दिले. पॉलिसी देताना एजंट म्हणाले होते, मोठं बिल झालं तर पूर्ण 3 लाख मिळतील. आता म्हणतात कंपनीचं बरोबर आहे. दुसऱ्या कंपनीचं 10 लाखांचं सुपर टॉप-अप आहे, 3 लाख डिडक्टिबलचं, म्हणजे पहिले 3 लाख सोडून वरच्या खर्चासाठी. त्यातूनही काही मिळणार नाही म्हणतात, कारण पहिलीने 3 लाख दिलेच नाहीत. खरं काय?

राजू, विमा प्रतिनिधी, वणी

भाऊ, कंपनीचं बरोबर आहे. विमा रक्कम ही कंपनीच्या जबाबदारीची हद्द. बिल 4 लाखांचं असो की 14 लाखांचं, कंपनीच्या दृष्टीने तुमचा दावा 3 लाखांचाच. त्या 3 लाखांवर 20 टक्के म्हणजे 60 हजार तुमचे, उरले 2 लाख 40 हजार. विकताना 3 लाखांचा शब्द द्यायला नको होता, ती चूक त्या एजंटची. मी स्वतः गिऱ्हाइकाला आधीच सांगतो की तुमची पॉलिसी 3 लाखांची असली तरी हातात 2 लाख 40 हजारच धरा. टॉप-अपचंही तेच. खालची पॉलिसी 3 लाखांपर्यंत भरल्याशिवाय वरची उघडत नाही.

शुभांगी, नागपूर

विमा कंपन्यांच्या वतीने दावे हाताळणारी संस्था म्हणजे टीपीए, तिच्या दावा विभागात मी नऊ वर्षं काम केलं आहे. राजूभाऊंच्या दोन मुद्द्यांपैकी पहिल्यावर वाद होऊ शकतो, दुसरा मात्र चुकीचा आहे. त्यात मंगेशभाऊंचे लाख रुपये अडकले आहेत, म्हणून तोच आधी घेते.

डिडक्टिबल ओलांडलं की नाही हे खर्चावरून ठरतं. तो खर्च कोणी भरला, पहिल्या कंपनीने, तुम्ही स्वतः की मामांनी उसने दिले, याच्याशी दुसऱ्या कंपनीला घेणंदेणं नाही. खाली कुठलीच पॉलिसी नसलेला माणूसही सुपर टॉप-अप घेऊ शकतो, एवढ्यावरूनच हे कळतं. दुसरी कंपनी तुमचं बिल स्वतःच्या नियमांनी तपासेल. तिनेही 18 हजारच अमान्य केले तर ग्राह्य खर्च 4 लाख होतो, त्यातून डिडक्टिबलचे 3 लाख वजा, देणं 1 लाख. तिने 25 हजार अमान्य केले तर 93 हजार मिळतील. पहिलीने 2 लाख 40 हजार दिले म्हणून दुसरीचा दरवाजा बंद होत नाही. मधले 60 हजार तुमच्या खिशातून गेले, आणि तेही त्या 3 लाखांत मोजले जातात.

मूळ बिलं पहिल्या कंपनीकडे गेली असतील. तिच्याकडून दावा निकाली काढल्याचं पत्र घ्या. बिलांच्या प्रतींवर दवाखान्याचा शिक्का, सोबत डिस्चार्ज कार्ड, अँजिओग्राफीचा रिपोर्ट, स्टेंटचे स्टिकर आणि पैसे भरल्याच्या पावत्या. कळवायला उशीर झाला असेल तर त्याचं कारण अर्जातच लिहा, विचारायची वाट पाहू नका.

गजाननराव, दारव्हा

एवढे हप्ते भरायचेच काहून? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला 5 लाखांचं संरक्षण आहे, तिथे को-पे नाही की डिडक्टिबल नाही. माझ्या साळ्याचा स्टेंट त्यातच झाला, एक रुपया लागला नाही.

मंगेश, आर्वी

काका, रात्री दीडला गाडीत बाबांना घाम फुटला होता. जो दवाखाना आधी लागला तिथे नेलं. तो योजनेत नाही हे दुसऱ्या दिवशी कळलं.

शुभांगी, नागपूर

गजाननकाकांचं म्हणणं चूक नाही, पण ती योजना अंगीकृत दवाखान्यातच चालते. हृदयाचा रुग्ण घरात असेल तर आपल्या वाटेवर कोणता दवाखाना योजनेत आहे हे आधीच विचारून ठेवावं. मंगेशभाऊंचा प्रश्न मात्र झालेल्या बिलाचा आहे.

आता को-पे. विमा नियामकाच्या प्रमाण व्याख्येत दोन गोष्टी आहेत: विमाधारक ग्राह्य दाव्याच्या रकमेची ठरलेली टक्केवारी सोसेल, आणि को-पेमुळे विमा रक्कम कमी होत नाही. यावरून माझं मत असं की इथे ग्राह्य रक्कम 4 लाख, तिचे 20 टक्के म्हणजे 80 हजार तुमचे, उरतात 3 लाख 20 हजार. हद्द 3 लाखांची, म्हणून देणं पूर्ण 3 लाख. तुमच्या एजंटने पॉलिसी देताना सांगितलं होतं ते या हिशोबाने बरोबर होतं.

राजू, विमा प्रतिनिधी, वणी

ताई, मग को-पेला अर्थ काय राहिला? त्याच्यामुळे हप्ता कमी झाला, गिऱ्हाइकाने त्या सवलतीवर सही केली. पहिलीकडून 3 लाख आणि दुसरीकडून 1 लाख मिळाले तर मंगेशभाऊंच्या खिशातून फक्त ते अमान्य 18 हजार जातील. 20 टक्के सोसायचं कबूल केलेल्या माणसाने काहीच सोसायचं नाही, हे मला पटत नाही. आणि व्याख्या काहीही असो, पॉलिसीतलं कलम पाहावं लागतं. बऱ्याच ठिकाणी ‘ग्राह्य आणि देय रकमेवर’ असं लिहिलेलं असतं. देय रक्कम 3 लाखांच्या वर जाऊच शकत नाही.

शुभांगी, नागपूर

कलम पाहावं लागतं हे मान्य. ‘देय’ शब्द असेल तर तुमची बाजू जड आहे. नुसतं ‘ग्राह्य’ असेल तर मी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जाईन. महिन्याभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही, कंपनीचा नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आत जायचं. निकाल काय लागेल हे मी सांगू शकत नाही. दोन्ही पद्धतीने मोजणाऱ्या कंपन्या मी पाहिल्या आहेत.

पण राजूभाऊ, काहीच न सोसण्याच्या मुद्द्यावर एक सांगा. को-पे सोसायचा कबूल केला तो पहिल्या कंपनीशी. दुसरीचा हप्ता वेगळा भरला, तिच्याशी करार 3 लाखांवरच्या खर्चाचा. दोन्ही मिळून ग्राह्य खर्चापेक्षा जास्त मिळत नसेल तर त्यात गैर काय?

किशोर, हिंगणघाट

माझ्या मते को-पेची पॉलिसी शेतकऱ्याने घेऊच नये. त्याला वरची मर्यादा नाही. 4 लाखांच्या ग्राह्य बिलावर 80 हजार, 10 लाखांच्या बिलावर 2 लाख. आपल्याकडे पैसा वर्षातून एकदा येतो, कापूस विकला की. डिडक्टिबल 50 हजार असेल तर बिल कितीही होवो, ग्राह्य खर्चातले माझे 50 हजार. तेवढे बाजूला ठेवता येतात. टक्केवारी कशी बाजूला ठेवायची?

वैशाली, मोर्शी

किशोरभाऊ, मी हाच विचार करून 50 हजार डिडक्टिबलची पॉलिसी घेतली होती. मागच्या पावसाळ्यात आईला डेंग्यू झाला, तालुक्याच्या दवाखान्यात चार दिवस सलाईन, बिल 31 हजार. कंपनीने शून्य दिले. शेजारच्या काकूंची 20 टक्के को-पेची पॉलिसी, त्यांच्या मुलाला त्याच आठवड्यात डेंग्यू, बिल 28 हजार, त्यांना 22 हजारांच्या वर मिळाले. आपल्याकडे ताप, हगवण, साप, विंचू हीच भरती जास्त. बायपास आयुष्यात एकदा.

किशोर, हिंगणघाट

31 हजार मी कापसावर उसने आणून फेडू शकतो. 2 लाखांसाठी वावर गहाण टाकावं लागतं. विमा मी त्या दुसऱ्या दिवसासाठी घेतो. तुमचं डिडक्टिबल दर दाव्याला होतं की वर्षाच्या एकूण खर्चावर? वर्षाचं असेल तर ते 31 हजार वाया गेले नाहीत. त्याच वर्षात आणखी 40 हजारांची भरती झाली असती तर 21 हजार मिळाले असते. पण पहिलं बिल तेव्हाच कंपनीकडे द्यायला हवं.

वैशाली, मोर्शी

वर्षाचं होतं. शून्यच मिळणार म्हणून मी बिल पाठवलंच नाही. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तरी माझं मत बदललं नाही, घरात लहान मुलं असतील तर डिडक्टिबल जड जातं.

राजू, विमा प्रतिनिधी, वणी

साठीनंतर पहिल्यांदा पॉलिसी घेणाऱ्याला निवड असतेच असं नाही. पुष्कळ पॉलिसींमध्ये प्रवेशाचं वय 61 झालं की को-पे आपोआप लागतो आणि पुढे तसाच राहतो. मंगेशभाऊंच्या वडिलांचं तसंच असावं. पंचावन्नाव्या वर्षी घेतली असती तर कदाचित हा विषयच निघाला नसता.

शुभांगी, नागपूर

मंगेशभाऊ, निकालाच्या पत्रात दोन ओळी शोधा. पहिली, को-पेची रक्कम. 60 हजार लिहिले असतील तर त्यांनी हद्द लावून मग कापले, राजूभाऊ म्हणतात तसं. दुसरी ओळ त्याहून महत्त्वाची: या वर्षाची शिल्लक विमा रक्कम. तुम्हाला 2 लाख 40 हजार दिले असतील आणि को-पेमुळे विमा रक्कम कमी होत नसेल, तर 60 हजार शिल्लक दिसायला हवेत. शिल्लक शून्य दाखवली असेल तर तो हिशोब चुकीचा आहे, लेखी विचारा.

शिल्लक असेल तर सुट्टी झाल्यानंतरचा खर्चही मागता येतो. बहुतेक पॉलिसींमध्ये 60 दिवसांपर्यंतची औषधं, तपासण्या आणि डॉक्टरची फी धरतात, कुठे 90. स्टेंटनंतर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद करता येत नाहीत, त्यामुळे खर्च ठरलेलाच आहे. त्यावरही 20 टक्के कापतील, पण उरलेले तुमचे. मेडिकलवाल्याकडून बाबांच्या नावाचं, तारखेचं बिल घ्या आणि चिठ्ठीची प्रत जोडा. हेच बिल टॉप-अपच्या कंपनीलाही पाठवा, तिची मुदत वेगळी असू शकते.

मंगेश, आर्वी

पत्र काढलं. को-पे 60,000, शिल्लक विमा रक्कम 60,000. कलमात ‘ग्राह्य दाव्याच्या रकमेवर’ असं आहे, ‘देय’ शब्द त्या ओळीत नाही, पण खाली एका टिपेत ‘विमा रकमेच्या मर्यादेत’ असं आहे.

राजू, विमा प्रतिनिधी, वणी

त्या टिपेवरच कंपनी उभी राहील, सांगून ठेवतो. टॉप-अपचं माझं चुकलं होतं. माझ्याच दोन गिऱ्हाइकांना मी तसं सांगितलं आहे, आज फोन करतो.

शुभांगी, नागपूर

ती टीप अंतिम रकमेला हद्द घालते, को-पे कशावर मोजायचा हे सांगत नाही. तक्रारीत हेच वाक्य लिहा.

मंगेश, आर्वी

सुट्टीला 38 दिवस झाले. औषधं आणि एका टूडी इकोची 9,200 ची बिलं आहेत, 3 पावत्यांवर बाबांचं नाव नाही, ती उद्या मेडिकलमधून बदलून आणतो. टॉप-अपला मेल केला, उशिराचं कारण लिहिलं. शिक्क्याच्या प्रतींसाठी सोमवारी नागपूरला जातो आहे.