इंटरॅक्शनचे ०.६० कुणाच्या खात्यात?

नेरुळची मीनल: ठाण्यातल्या आमच्या गुंतवणूक गटापुढे एका फंडाचा वर्षाचा हिशोब मांडायचा आहे. बेंचमार्क १०.८ टक्के, फंड १२.३. बँका बेंचमार्कमध्ये ३५ टक्के, फंडात ४५. परतावा अनुक्रमे ८ आणि १४. आयटी १५ आणि ५, परतावा दोन्हीकडे २०. उरलेलं ५० टक्के दोन्हीकडे सारखं, परतावा १०. दीड टक्क्याची आघाडी तीन भागांत वाटायची आहे: सेक्टरच्या वजनाचं अ‍ॅलोकेशन, शेअर-निवडीचं सिलेक्शन, आणि दोन्हींच्या एकत्र परिणामाचं इंटरॅक्शन. हे इंटरॅक्शन सिलेक्शनमध्येच धरलं तर चालेल का?

घोडबंदरकर: चालेल, आणि तसंच धरा. बहुतेक मॅनेजर आधी शेअर निवडतात, सेक्टरचं वजन त्यातूनच ठरतं. बँकांत फंडाचं वजन ४५, शेअर ६ टक्क्यांनी सरस, म्हणून सिलेक्शन २.७०. अ‍ॅलोकेशन उणे १.२०. बेरीज १.५०, विषय संपला.

ऐरोलीचा राजू: उणे कसं? बँकांत १० टक्के जास्त ठेवले, बँका ८ टक्के वाढल्या, म्हणजे ०.८० फायदाच ना!

वाशीकर: राजू, १९८६ च्या ब्रिन्सन-हूड-बीबॉवर पद्धतीने ०.८० च येतात. पण पूर्ण बेंचमार्क १०.८ वाढलेला असताना ८ देणाऱ्या सेक्टरमध्ये जादा पैसे ठेवणं हा तोटाच. १९८५ च्या ब्रिन्सन-फॅक्लर पद्धतीत ८ मधून १०.८ वजा होतात, म्हणून बँकांचे उणे ०.२८. आयटीत १० टक्के कमी ठेवल्याचे उणे ०.९२. गंमत अशी की एकूण अ‍ॅलोकेशन दोन्हीकडे उणे १.२० च निघतं, कारण वजनांतल्या फरकांची बेरीज शून्य असते. त्यामुळे चूक एकूण आकड्यात दिसत नाही, सेक्टरच्या ओळीतच सापडते.

घोडबंदरकर, तुमचं मात्र पटत नाही. बँकांचं वजन समितीने वाढवलं आणि शेअर अ‍ॅनालिस्टने निवडले, तर अ‍ॅनालिस्टचे ३५ टक्क्यांवरचे २.१०. वरचे ०.६०, म्हणजेच इंटरॅक्शन, समितीच्या वजनामुळे फुगले. शेअर ६ टक्क्यांनी मागे पडले असते, तर न घेतलेल्या निर्णयाचा भुर्दंड त्याच्यावर बसला असता.

कळव्याचे नाना: माझाही फंड बेंचमार्कच्या दीड टक्का पुढे आहे. म्हणजे शेअर-निवड उत्तम, असंच ना?

वाशीकर: नाना, बेंचमार्क टीआरआय, म्हणजे डिव्हिडंड धरलेला इंडेक्स, घेतलाय का ते आधी बघा. नुसता प्राइस इंडेक्स असेल तर त्यात डिव्हिडंड नसतो. तुमच्या फंडाला मिळालेला डिव्हिडंड मग सिलेक्शनमध्ये जाऊन बसतो. म्युच्युअल फंडांना सेबीने फेब्रुवारी २०१८ पासून टीआरआयशीच तुलना बंधनकारक केली आहे.

मीनल: वजन समिती ठरवते, पण वर्षभरात ते भावामुळेही सरकलं. मग?

वाशीकर: वर्षाचा एकच हिशोब नको. दर महिन्याच्या सुरुवातीचं वजन घ्या. मधे खरेदी-विक्री झाली असेल तर थोडा फरक उरेल, तो वेगळा दाखवा, सिलेक्शनमध्ये ढकलू नका. महिन्यांचे परिणाम मात्र सरळ बेरजेने वर्षाच्या दीड टक्क्याला जुळणार नाहीत, कारण परतावा चक्रवाढीने चढतो. महिन्यांचे परिणाम वर्षाच्या आकड्याशी जुळवून देणारी कारिनोसारखी जोडणीची पद्धत लागेल.

घोडबंदरकर: जोडणी मान्य. पण ०.६० ची वेगळी ओळ दिसली की गटातलं कुणीतरी विचारणारच, हे कुणाचं? वाशीकर, त्याला तुम्ही काय सांगणार?