फळ्यावरची 'चटनी' आणि खडूचा फॉन्ट

घाईतला_डिझायनर
सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका खाणावळीनं जाहिरातीसाठी फळ्याचा फोटो पाठवला. त्यात 'शेंगा चटनी' लिहिलेलं. मी फोटोशॉपमध्ये तो शब्द खोडला, खडूसारख्या फॉन्टमध्ये 'चटणी' टाकलं, थोडा ब्लर मारला. दोन मिनिटांत काम खलास. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही फोटो सोबत टाकलेत. असल्या कामाचे लोक पैसे मागतात म्हणजे कमालच.

जुना_रंगारी
दोन मिनिटं लागली ते फोटोत दिसतंच आहे. बाकीच्या ओळी उजवीकडे चढत गेल्यात, तुमची 'चटणी' मात्र फूटपट्टीनं आखल्यासारखी आडवी. शिवाय शब्दामागचा फळा काळाकुट्ट. तिथं आदल्या दिवशीचं कोरड्या फडक्यानं पुसलेलं होतं, त्याचा पांढुरका पट्टा आडवा गेलाय. तो तुमच्या शब्दाशी येऊन थांबतो आणि पलीकडे पुन्हा सुरू होतो. नजर आधी तिथंच जाते.

मुळात अख्खा शब्द खोडलात कशाला? 'नी'चा दांडा आणि वेलांटी बरोबरच आहेत. चुकलीय ती दांड्याला डावीकडून चिकटलेली आडवी रेघ आणि तिची गाठ, एवढीच. ती `Clone Stamp` नं घालवायची, मऊ कडेचा ब्रश रेघेपेक्षा जरासाच जाड ठेवून. नमुना घ्यायचा तो त्याच पट्ट्यातून, डावी-उजवीकडून. वरून-खालून घेतला तर पट्टा मधेच तुटतो. रेघ दांड्याला टेकते तिथं दांड्याची कड थोडी खाल्ली गेली तरी बिघडत नाही, खडू तसाही तुटकच उमटतो.

आता 'ण'. तो त्याच फळ्यावर आहे की, वर 'मटण थाळी'त! त्याच हाताचा, त्याच खडूचा. त्याचा डावा वाडगा तेवढा उचला, दांडा नको. लेअरला `Lighten` लावा. `Screen` लावलंत तर उचललेल्या तुकड्यातला करडा फळाही खालच्यावर चढतो आणि अक्षराभोवती फिकट चौकट उमटते. या फोटोत वरची ओळ ट्यूबलाइटजवळ आहे, तिथला फळाच उजळ आहे, त्यामुळे नुसत्या `Lighten` नंही भागणार नाही. आधी `Levels` मध्ये काळं टोक उजवीकडे सरकवून तुकड्यातला फळा खालच्यापेक्षा गडद करा. मग पांढरं उतरवा. मी मोजलं, 'मटण'चा खडू २२०च्या आसपास आहे आणि चटणीच्या ओळीतला १९०. तुकड्यातला खडू १९०च्या आसपास येईपर्यंत `Output` चं पांढरं टोक खाली आणा.

पिक्सेलपंत
एवढा उपद्व्याप कशाला? `Healing Brush` फिरवला की पोत आपोआप जुळतो. आणि पुसट डाग ठेवायचेच कशाला? गिऱ्हाइकाला स्वच्छ फळा हवा असतो.

जुना_रंगारी
पंत, तो ब्रश कडेचा रंग आत ओढतो. शेजारी पांढरा दांडा असला की दुधाचा थेंब सांडल्यासारखा डाग पडतो. करून बघा, मग बोला. मोकळ्या जागेत, जिथं आसपास खडू नाही, तिथं मीही तोच वापरतो, एवढं कबूल.

भाकरीवाली_मावशी
अहो, एवढं करण्यापेक्षा फडकं मारा आणि पुन्हा लिहा! फक्त ओलं फडकं मारू नका. ओल्या फळ्यावर खडू उमटत नाही आणि वाळला की पांढरे पट्टे राहतात.

घाईतला_डिझायनर
मावशी, फोटोतला शब्द बदलायचाय. तो फळा त्याच रात्री पुसला गेला.

भाकरीवाली_मावशी
बरं, मग ऐका. मागं हुरड्याच्या दिवसांत माझ्या फळ्यावर 'हुरडा' होता आणि त्यावर खडूची आडवी रेघ, म्हणजे संपला. एका पोरानं फोटो 'साफ' करताना ती रेघ डाग समजून काढून टाकली. दोन दिवस लोक येऊन हुरडा मागत होते. एक जण तर बायको-पोरांसह बार्शीहून आला! त्याला कडक भाकरी आणि शेंगा चटणी घालून शांत केलं, पैसे घेतले नाहीत. तेव्हा काय ठेवायचं नि काय पुसायचं, ते आधी मालकाला विचारा.

पिक्सेलपंत
रेघ आणि डाग यातला फरक मला कळतो हो मावशी.

भाकरीवाली_मावशी
त्या पोरालाही कळत होता म्हणे.

शुद्धलेखन_बाई
मूळ प्रश्न वेगळाच आहे. खाणावळ चालवायची आणि 'चटनी' लिहायचं? तीस वर्षं फळ्यावर लिहिलं मी, न-ण चुकवणारी पोरं तेव्हाही होती, आता ती खाणावळींचे फळे लिहितात.

पार्क_चौकातला
काय बाई, सुरू झालं का पुणेरी? इथं 'चटनी'च म्हणतात. हिंदीत चटनी, कानडीत चट्नी, तेलुगूत चट्नी. पूर्व भागात घराघरात तेलुगू बोलतात. मालकानं जसं ऐकलं तसं लिहिलं. चूक कुठाय?

शुद्धलेखन_बाई
मी जन्मानं सोलापूरची आहे. आणि त्याच मालकानं वर 'मटण' बरोबर लिहिलंय. तेव्हा ण येत नाही हे कारण सांगू नका.

पार्क_चौकातला
मटणात ण ऐकू येतो म्हणून लिहिला. चटनीत ऐकूच येत नाही तर लिहील कसा? तुम्ही 'पाणी' म्हणता, माझी आजी 'पानी' म्हणायची. तिला पण लाल शाईनं खुणा करणार का?

शुद्धलेखन_बाई
आजीला मध्ये आणू नका. आजी बोलत होत्या, हा फळा लिहिलेला आहे. बोलणं कसंही असो, लिहिताना एक रीत असते.

पार्क_चौकातला
रीत कोणी ठरवली ते सांगा ना.

जुना_रंगारी
बाई, दादा, तुमचं चालू द्या. मुख्य अडचण राहिलीच, जागेची. 'ण' रुंद आहे आणि 'न' अरुंद. 'ट' आणि दांडा यांच्यामध्ये वाडगा सहज मावत नाही. रुंदी फार तर दहा टक्क्यांनी आवळा. त्यापुढे गेलात तर उभ्या रेघा बारीक होतात, आडव्या जाडच राहतात आणि हात वेगळा वाटतो. तरी बसत नसेल तर वाडगा 'ट'ला टेकू द्या. घाईत लिहिणाऱ्याचं तसं होतंच. शिरोरेघेला मात्र हात लावू नका. ती शब्द झाल्यावर एका ओढीत मारलेली असते, मध्ये नवा तुकडा घातला की जाडी बदलते आणि सांधा दिसतो. आणि वाडगा दोन अंश फिरवा, नाहीतर तो 'मटण'मधल्याची छापील नक्कल वाटेल.

पिक्सेलपंत
दोन अंश! लोक मोबाइलवर बघतात हो, अंगठ्याएवढं चित्र.

जुना_रंगारी
याच जाहिरातीचा फ्लेक्स दहा फुटांचा झाला की अंगठा दाखवा.

घाईतला_डिझायनर
केलं. दोन मिनिटं नाही, चाळीस लागली, घ्या. `Healing Brush` पण वापरून पाहिला, पंत, दांड्याशेजारी खरंच दूध सांडलं. नवा फोटो खाली आहे. मालकाला पाठवला तर म्हणतो, "यात काय बदललं? मी हेच लिहिलं होतं की."

पार्क_चौकातला
बघा! मालकाला फरकच नाही.

शुद्धलेखन_बाई
तेच तर म्हणतेय मी.

जुना_रंगारी
आधीपेक्षा लाख पटीनं बरं. पण वरून एक तात्पुरता `Curves` लावून कॉन्ट्रास्ट भरपूर चढवा आणि वाडग्याच्या खाली बघा. खडूच्या धुळीचे तीन ठिपके आहेत ना? तेच तीन ठिपके, त्याच त्रिकोणात, 'शेंगा'च्या खालीही आहेत. नमुना तिथून उचललात. यातला एक ठिपका उडवा.

भाकरीवाली_मावशी
ते ठिपके चटणीचे असतील हो.