प्रतिसाद: जुलाब-उलट्यांत बीपीची गोळी

«वडील ६८ वर्षांचे, टेल्मिसार्टन ४० + हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ आणि अ‍ॅम्लोडिपिन ५ चालू. कालपासून जुलाब-उलट्या, ताप. गोळ्या द्यायच्या का?»

पाणी पोटात टिकत नसेल तर पहिली जोडगोळी तात्पुरती थांबवतात. हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे पाणी आणि मीठ आणखी बाहेर काढतं. शरीर सुकलं की मूत्रपिंड आतला दाब टिकवून गाळणी चालू ठेवतं. टेल्मिसार्टन नेमकी तीच सोय बंद करतं. दोन्ही एकत्र आले की क्रिएटिनिन आणि पोटॅशियम वाढू शकतं. रामिप्रिल, एनालाप्रिल यांनाही हेच लागू. एखाददुसऱ्या पातळ शौचासाठी मात्र थांबवू नका.

अ‍ॅम्लोडिपिनचा मूत्रपिंडावर असा ताण नाही. बीपी मोजून द्या. वरचा आकडा १०० च्या खाली असेल किंवा उभं राहताना चक्कर येत असेल तर त्या दिवशीची गोळी डॉक्टरांना विचारूनच. मेटोप्रोलॉलसारखी गोळी कुणी घेत असेल तर ती स्वतःहून अचानक तोडू नये, नाडी आणि बीपी उसळतं.

तापाला पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक अजिबात नको, मूत्रपिंड तिथेच अडकतं. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, घोट घोट.

नेहमीसारखं खाणंपिणं सुरू होऊन २४ ते ४८ तास झाले की जोडगोळी नेहमीच्याच मात्रेत सुरू करा. राहिलेल्या गोळ्या भरून काढू नका. बरं वाटल्यावर ती सुरू करायची राहून जाते, म्हणून तारीख पाकिटावर लिहा.

हार्ट फेल्युअर असेल तर थांबवण्याआधीच फोन करा. आठ तास लघवी नाही, गुंगी, किंवा काहीच पोटात टिकत नाही, तर थेट रुग्णालय.