ओव्हनमध्ये कटलेट आणि वडे: तेल फवारून जमतं, की नुसता हट्ट?

रोजचा डबा
घरातलं तळण कमी करायचंय. कटलेट आणि बटाटेवडे ओव्हनमध्ये वरून थोडं तेल फवारून करता येतात का? १८० अंशांवर ठेवून पाहिले. कटलेट पांढुरके आणि कोरडे झाले, वडे तर पसरूनच गेले. तापमान किती ठेवायचं, उलटायचे कधी? की हा नाद सोडावा?

जुनी कढई
सोडा नाद. वडा तळायचा असतो, भाजायचा नसतो. आणि तळण तेलकट होतं ही तक्रार ज्यांची आच चुकते त्यांची. तेल नीट तापलेलं असेल तर वडा तेल पीतच नाही. आतली वाफ इतक्या जोरात बाहेर पडते की तेलाला आत शिरायला वाव नसतो. कोमट तेलात सोडलेले वडे तेल पितात, मग लोक कढईला नावं ठेवतात. जास्त वाटत असेल तर चारऐवजी दोन खा, पण ते दोन तरी वडे असू देत.

साधाभोळा
मीही हे केलंय. हाय पॉवरवर सहा मिनिटं ठेवले. बाहेरून मऊ, गार झाल्यावर चप्पल. तेल फवारूनही काही फरक पडला नाही. त्यामुळे कढईताईंना अनुमोदन.

उलथनं
साधाभोळा, हाय पॉवर म्हणजे तुम्ही मायक्रोवेव्ह वापरला. त्यात पदार्थातलं पाणी तापतं, भोवतालची हवा तापत नाही, मग कवच वाळणार कसं? इथे प्रश्न रॉडच्या ओव्हनचा आहे. तुमच्या यंत्रात कन्व्हेक्शन असेल तर त्यावर करून बघा, आणि मग अनुमोदन द्या.

कढईताई, वाफेचं तुम्ही सांगता ते खरं, पण गोष्ट तिथे संपत नाही. पदार्थ झाऱ्यावर आला की वाफेचा जोर ओसरतो, आणि कवचातल्या बारीक पोकळ्या अंगावरचं तेल आत ओढून घेतात. बरंचसं तेल असं कढईबाहेर आल्यावरच आत जातं. म्हणून झाऱ्यावर निथळायला दिलेला वेळ फुकट जात नाही. आता ब्रेडक्रम्ब लावलेला कटलेट बघा: चपटा, दोन्ही बाजू मोठ्या, वर भुग्याचा सच्छिद्र थर. तो तेल धरून ठेवतो. बटाटावडा गोल, वजनाच्या मानाने पृष्ठभाग कमी, बेसनाचं कवच गुळगुळीत. म्हणजे ज्याचं तेल वाचवण्यात अर्थ आहे तो कटलेट, आणि नेमका तोच ओव्हनमध्ये चांगला होतो. वड्याच्या बाबतीत मी कढईताईंच्याच बाजूने आहे.

कारण साधं आहे. गरम तेल ओलं पीठ काही सेकंदांत चहूबाजूंनी धरतं. गरम हवेची उष्णता त्या मानाने फार सावकाश पोचते. तोवर बेसनाचं पातळ पीठ खाली ओघळतं, तळाशी पोळीसारखं पसरतं, आणि वरचा पापुद्रा शिजण्याआधी वाळतो. खाताना कच्च्या बेसनाची चव लागते ती त्यामुळेच. तापमान वाढवूनही हे जात नाही. कटलेटवर मात्र ओलं पीठ नसतंच, आतलं सगळं शिजलेलं असतं. ओव्हनला फक्त भुगा खरपूस करायचा असतो.

रोजचा डबा
मग कटलेटचंच नीट सांगा ना. माझे पांढुरके का राहिले?

उलथनं
दोन कारणं. १८० कमी पडतं, आणि कोरड्या भुग्याला तेल लागलं नाही की तो रंग धरत नाही, नुसता वाळतो. जिथे फवारा पोचत नाही तिथे पांढरे ठिपके राहतात आणि तिथे पिठूळ लागतं. त्यामुळे सगळी भिस्त फवाऱ्यावर टाकू नका. एक वाटी ब्रेडक्रम्ब दोन चहाचे चमचे तेल घालून मंद आचेवर फिक्या बदामी रंगावर परता, मग तेच कटलेटला लावा. रंग आधीच सगळीकडे सारखा आलेला असतो, फवारा फक्त वरचा हात.

साधारण अर्धा किलो उकडलेला बटाटा आणि पाव किलो भाज्या धरा. भाज्या वाफवून पिळून घ्या, ओल राहिली तर कटलेट कडेला फुटतो. याचे साठ-साठ ग्रॅमचे बारा होतात. जाडी दीड सेंटिमीटरच्या वर नको, नाहीतर बाहेरून झालेला असतो आणि मधे गार. मैदा-कॉर्नफ्लॉवरच्या सरसरीत घोळात बुडवून भुग्यात घोळवा, तळहाताने हलकेच दाबा, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.

ओव्हन २१० वर, वरखालचे दोन्ही रॉड चालू. पंखा लावणार असाल तर १९० पुरे. रिकामा ट्रे आतच ठेवून पंधरा मिनिटं तापवा, हे टाळू नका. ट्रे बाहेर काढा, तळाला तेल फवारा, कटलेट बोटभर अंतर ठेवून मांडा. गर्दी केली की एकमेकांच्या वाफेत मऊ पडतात. वरून फवारा, आणि ओव्हनच्या मधल्या किंवा एक पायरी खालच्या खाचेत ठेवा.

बाराव्या मिनिटाच्या आसपास बघा, पण घड्याळावर उलटू नका. ट्रे हलकासा हलवा. कटलेट सुटून सरकला तर तळ धरलाय. चिकटून बसला असेल तर अजून दोन मिनिटं द्या, कारण आत्ता उलथनं घातलंत तर भुगा ट्रेवर राहील आणि बटाटा हातात येईल. उलटल्यावर नव्या बाजूला परत फवारा, आणखी आठ-दहा मिनिटं. परतलेला भुगा शेवटी भराभर काळा पडतो, तेव्हा शेवटची तीन मिनिटं तिथून हलू नका.

कोथिंबीर
उलटायचं कशाला एवढं? मी ट्रेवर जाळी ठेवते, त्यावर कटलेट. खालूनही हवा खेळते, पंखा चालू, बावीस-तेवीस मिनिटांत दोन्ही बाजू होतात. उलटताना तुटायची भीतीच नाही.

उलथनं
जाळीवर तळ कोरडा होतो हे मान्य, पण रंग? तापलेल्या पत्र्याला टेकलेली बाजू थेट भाजली जाते, तसा खरपूसपणा जाळीवर मला कधी मिळाला नाही. शिवाय मऊ कटलेटमध्ये तारा रुततात आणि काढताना भुगा निघतो.

कोथिंबीर
जाळीलाही तेल फवारायचं, नाही रुतत. आणि तुमच्या ट्रेवरचा कटलेट बाहेर काढून तिथेच ठेवला की पाच मिनिटांत खालून ओला. माझा राहत नाही. रंगापेक्षा मला कुरकुरीतपणा महत्त्वाचा.

उलथनं
काढल्यावर जाळीवर ठेवावेत यात वाद नाही. भाजताना मात्र मी पत्र्यावरच.

गणिती
सगळे ‘थोडं फवारा’ म्हणताय. थोडं म्हणजे किती? फवाऱ्याची बाटली आधी आणि नंतर स्वयंपाकाच्या काट्यावर ठेवा, फरक म्हणजे वापरलेलं तेल. एक चहाचा चमचा तेल साधारण साडेचार ग्रॅम, म्हणजे चाळीस कॅलरी. भुग्यात दोन चमचे गेले आणि फवाऱ्यात समजा आणखी दोन, तर एकूण अठरा ग्रॅम. बारा कटलेटांत वाटले की एकाला दीड ग्रॅम. थोडं तेल ट्रेवरच राहतं, ते धरलंच नाही.

कढईचंही असंच मोजता येतं: तळण्याआधी आणि तळून झाल्यावर गार कढई तेलासकट काट्यावर ठेवा, निथळलेलं तेल परत ओतायला विसरू नका. कढईताईंचा ‘पीतच नाही’ हा दावा त्यांच्याच स्वयंपाकघरात तपासला जाईल.

आणि ते ‘शून्य कॅलरी’ लिहिलेले तेलाचे स्प्रे! त्यावर एका वेळचं माप सेकंदाच्या अंशाएवढ्या फवाऱ्याचं धरलेलं असतं, म्हणून आकडा शून्यावर उतरवता येतो. आत तेलच आहे. आपण बोट दाबून धरतो तेव्हा ती मापं किती झाली ते कोण मोजतं?

उलथनं
त्यात अजून एक. दाबाच्या डब्यातला वायू बहुतेक वेळा पेट घेणारा असतो. ओव्हनचं दार उघडून आत फवारू नका, ट्रे बाहेर ओट्यावर घ्या आणि रॉडपासून लांब फवारा. त्यात लेसिथिन असेल तर नॉनस्टिकवर चिकट पिवळा थर बसतो, तो घासून निघत नाही. मी साधी पंपाची बाटली वापरते. तिचं तोंड तुंबतं, मधूनमधून गरम पाण्याने धुवावी लागते.

जुनी कढई
मोजेन, घाबरत नाही. पण कटलेटचं सोडा, तो तर तव्यावरही चमचाभर तेलात होतो, अर्धा तास ओव्हन कशाला जाळायचा? वड्याबद्दल कुणी बोलत का नाही?

उलथनं
तव्याचा मुद्दा बिनतोड आहे. चार कटलेट असतील तर तवाच. बारा किंवा चोवीस एकदम हवे असतील आणि हात मोकळे ठेवायचे असतील तेव्हा ओव्हन.

वड्यासाठी ओव्हनपेक्षा आप्पेपात्र बरं. पीठ थोडं घट्ट, खळग्यात अर्धा चमचा तेल, झाकण ठेवून एक बाजू, मग उलटून दुसरी. खळगा पिठाला आकार देतो, आणि तळाशी थोडं का होईना तेल असतं. मेदूवडा मात्र यातही आप्प्यासारखाच लागतो, उडदाच्या पिठाला तो कुरकुरीतपणा तेलाशिवाय येत नाही.

रोजचा डबा
कटलेट आज केले. भुगा परतून घेतला, २१० वर. दहा छान बदामी झाले. मागच्या कोपऱ्यातले दोन मात्र काळपट.

उलथनं
मागचा कोपरा जास्त तापतो बऱ्याच ओव्हनमध्ये. उलटताना ट्रेही फिरवून ठेवा, मागचा पुढे.

रोजचा डबा
बरं. आणि साबुदाणावडा? त्याला तर पिठाचं कवचही नाही.

कोथिंबीर
होतो! २०० वर जाळीवर, दोनदा फवारून. माझ्या मुलांना आवडतो.

जुनी कढई
मुलांना गरम असताना दिला असेल. दहा मिनिटांनी दाताखाली धरून बघा.

उलथनं
मला अजून जमलेला नाही. वरचे दाणे फुलून कुरकुरीत व्हायच्या आधीच वाळतात आणि चिवट होतात. कोथिंबीर, तुम्ही साबुदाणा किती वेळ भिजवता आणि कूट किती घालता ते लिहा, तसं करून बघते.