हळद-मिरी: वीसपट कशाची?

> हळदीच्या दुधात मिरपूड घातली की हळद वीसपट लागू पडते म्हणतात, खरं का?

वीसपट वाढलं ते हळदीतल्या कर्क्युमिन या मुख्य घटकाचं रक्तातलं प्रमाण, गुण नव्हे. बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या १९९८ च्या प्रयोगात माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिरीतला तिखट घटक, पायपरिन, २० मिलिग्रॅम दिला होता. एरवी आतडं आणि यकृत कर्क्युमिनला ग्लुकुरॉनिक आम्ल जोडून ते झटपट बाहेर काढतात; पायपरिन हे काम मंदावतं. तेवढं पायपरिन दोन चिमटी मिरपुडीत मिळेल, पण हळदीत कर्क्युमिन जेमतेम ३ टक्के. म्हणजे २ ग्रॅमसाठी पासष्ट-सत्तर ग्रॅम हळद लागेल! कपातल्या अर्ध्या चमच्याला तो आकडा लावू नका. आणि फिटसाठी फेनिटॉइन चालू असेल, तर पायपरिनच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोतच. त्यांनी फेनिटॉइनचंही रक्तातलं प्रमाण वाढतं.